अठरा नखं

स्टुडिओचं शटर अर्धं वर केलं की सकाळी साडेआठच्या सुमाराला उन्हाची एक तिरपी पट्टी आत शिरते, फरशीवरून सरकत सरकत पांढऱ्या कागदाच्या वळणापाशी येऊन थबकते, आणि तिच्यात कालच्या कामाची धूळ, कुणाच्या शालीचा धागा, कधी कबुतराचं एखादं पीस असं काय काय तरंगत राहतं. त्या दिवशी त्या पट्टीत केस तरंगत होते. आखूड, बारीक, वाळलेल्या गवताच्या रंगाचे.

मोत्या आला होता.

मोत्या म्हणजे मागच्या गल्लीतल्या मावशींचा गावठी कुत्रा. एका पावसाळ्यात जिन्याखाली शिरला, तो बाहेर निघालाच नाही. मावशी त्याला पाळलाय असं म्हणत नाहीत, ‘राहतो आमच्याकडे’ म्हणतात, जसं एखाद्या भाच्याबद्दल म्हणावं. त्याचे कान उभे, पण डाव्याचं टोक किंचित मुडपलेलं, पुस्तकाचं पान दुमडून ठेवावं तसं. छातीवर पांढरा पट्टा. आणि डोळे असे, की उन्हात मधाचे वाटतात आणि सावलीत चहाचे.

त्याच्या शेजारी ठेवायचं होतं एक पाऊच. कुत्र्यांच्या खाण्याचं, ८० ग्रॅमचं, तळहातावर मावेल एवढं. लालभडक, मधोमध रश्शात पोहणाऱ्या कोंबडीच्या फोडींचं चित्र, वर ठळक नाव आणि खाली मुंग्यांची रांग जावी तसा घटकांचा मजकूर. काम देणाऱ्या गृहस्थांची मागणी एका वाक्याची होती. “ताई, कुत्रा पण कोरल्यासारखा दिसला पाहिजे आणि पाऊचवरचं अक्षर न् अक्षर पण.”

ऐकायला किती सोपं. जणू दोघांना शेजारी बसवलं की झालं.

कॅमेऱ्याचं बघणं आपल्या बघण्यासारखं नसतं. आपला डोळा खोलीभर फिरतो, जिथे थांबेल तिथे स्पष्टपणा घेऊन जातो, आणि आपल्याला वाटतं सगळी खोलीच स्पष्ट आहे. कॅमेरा मात्र हवेत एक काच उभी करतो. अदृश्य, सपाट, त्याच्या तोंडाशी समांतर. त्या काचेला जे चिकटलं ते स्वच्छ, तिच्या अलीकडे-पलीकडे जे गेलं ते हळूहळू विरघळत जाणारं, थंडीतल्या पहाटे नदीकाठची झाडं विरघळतात तसं. त्या काचेला थोडी जाडी असते आणि ती आपल्याला कमी-जास्त करता येते, एवढीच काय ती आपली सत्ता. माझी १०० मिलिमीटरची लेन्स मोत्यापासून सव्वादोन मीटरवर होती, कॅमेरा उभा धरलेला. अ‍ॅपर्चर एफ ४ ठेवलं तर ही जाडी जेमतेम ११-१२ सेंटिमीटर. एफ ११ ला नेलं तर पुस्तकी हिशोबाने ३० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतली एक पट्टी.

मोत्याच्या नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंतचं अंतर मी बोटांनी मोजलं. चार बोटं आणि थोडं, म्हणजे नऊएक सेंटिमीटर. त्याला ते मोजणं इतकं आवडलं की त्याने माझं मनगट चाटून पुन्हा थोबाड पुढे केलं. डोळ्यापासून कानाच्या मुळापर्यंत आणखी तेवढंच. म्हणजे एफ ११ च्या त्या पट्टीत सगळं डोकं आरामात बसत होतं. शेपटी मात्र पार मागे, धुक्यात. ती तिथेच असू दे म्हटलं, हलणारी शेपटी धूसर असली तरी कुणी तक्रार करत नाही.

पण पुस्तकी हिशोब केसांसाठी ठीक असतो. केसाला माफी आहे. कुत्र्याच्या मानेवरचे हजार केस, त्यातले दोनशे किंचित पुसट झाले तर पाहणाऱ्याला ते मऊ वाटतात, उबदार वाटतात. अक्षराला ती माफी नाही. ‘क’चं पोट भरलं की तो डाग होतो, अनुस्वार पसरला की शाईचा थेंब सांडल्यासारखा दिसतो, कारण अक्षर कसं असायला हवं ते आपल्या डोळ्याला बालवाडीपासून पाठ आहे. त्यामुळे अक्षरांसाठी ती ३० सेंटिमीटरची जाडी मी मनातल्या मनात १० धरते, आणि पाऊच त्या दहाच्याही अगदी मधोमध असावं असं बघते.

मग पाऊच ठेवायचं कुठे? पंजाजवळ, हे तर ठरलेलं. पण पंजा कुठे आणि डोळा कुठे! मी घरातून वडिलांचा जुना ओळंबा घेऊन गेले होते, पितळी, भोवऱ्यासारखा. मोत्या बसल्यावर त्याच्या डोळ्याच्या रेषेत, शेजारून, तो सोडला. दोरी डुलली, स्थिरावली, आणि टोक बरोबर पुढच्या पायाच्या बोटांवर आलं. नीट बसलेल्या कुत्र्याचा डोळा त्याच्या बोटांच्या वर असतो, हे इतकी वर्षं कुत्री बघून मला ठाऊक नव्हतं. फरशीवर खडूने एक रेघ ओढली, कॅमेऱ्याला समांतर. बोटं त्या रेघेवर, पाऊच त्या रेघेवर.

वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा छापखाना होता, गावातल्या बाजारपेठेत, लग्नपत्रिकांचा आणि दिवाळीच्या सुमाराला कॅलेंडरांचा. कॅलेंडरं ते बाहेरून छापून आणत, फक्त खालचं दुकानाचं नाव इथे टाकत. दरवर्षी त्यात दत्ताचं एक असे. मागे गाय, पायाशी चार कुत्री. मला देवापेक्षा ती कुत्रीच जास्त दिसायची. एका वर्षी त्यातल्या एका कुत्र्याला दोन नाकं होती. एक काळं आणि त्याच्या जरा उजवीकडे एक तांबूस, सावलीसारखं. मी हसत सुटले तर वडील म्हणाले, “रजिस्टर हललंय,” आणि टेबलावरचं भिंग माझ्या हातात दिलं. चार रंग एकावर एक नेमके बसले नाहीत की असं होतं, त्यांनी सांगितलं. मी भिंग कुत्र्याच्या डोळ्यावर धरलं. डोळा नव्हताच तिथे. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके होते, फुलासारखी वर्तुळं करून बसलेले. भिंग उचललं की कुत्रा परत यायचा, टेकवलं की जायचा. ती दुपार मी त्याला बोलावण्यात आणि घालवण्यात काढली.

तेच भिंग मी पाऊचवर धरलं.

पाऊचचं छापकाम वेगळं. बरीच पाऊचं ग्रॅव्ह्युअरने छापतात. तांब्याचा मुलामा दिलेल्या सिलिंडरवर बारीक बारीक खळगे कोरलेले असतात, त्यांत शाई भरते, वरची पात्याने पुसली जाते, आणि खळग्यांतली तेवढी फिल्मवर उतरते. चित्र तर खळग्यांचं असतंच, पण अक्षरंही त्या खळग्यांचीच. म्हणून भिंगाखाली त्या पाऊचवरच्या ‘प’ची कड सरळ नव्हती. करवतीच्या दात्यासारखी होती, गावाकडच्या दगडी बांधासारखी खडबडीत. आणि लाल रंगातून उलटं काढलेलं पांढरं अक्षर तर दोन्ही बाजूंनी कुरतडलेलं. म्हणजे जे अक्षर मला कोरल्यासारखं दाखवायचं होतं, ते मुळातच कोरल्यासारखं नव्हतं. हातभर लांब धरलं की सुबक, जवळ नेलं की दंतुर. मी भिंग खाली ठेवलं आणि मोत्याकडे पाहिलं. तो आपला पंजा चाटत होता, बोटांच्या बेचक्यातून जीभ घालून, अगदी मन लावून.

जवळून बघितल्यावर पुरून उरणारा, त्या खोलीत तो एकटाच होता.

पहिल्या दिवशी मी हट्टाने एकाच फ्रेममध्ये सगळं मिळवायला गेले. अ‍ॅपर्चर मिटवत मिटवत एफ २२ ला नेलं, म्हणजे काच इतकी जाड होईल की काही सुटणारच नाही. तसं झालंही. पाऊचची मागची कडसुद्धा आत आली. पण पडद्यावर मोठं करून पाहिलं तर सगळ्यावर एक हलकी साय आलेली. भोक फार लहान झालं की प्रकाश सरळ जायचा सोडून कडेवरून पसरतो, एका बिंदूचा ठिपका होतो. माझ्या कॅमेऱ्यात, त्या अंतरावरून, एक मिलिमीटर उंचीच्या अक्षराच्या वाट्याला जेमतेम दहा-अकरा पिक्सेल येत होते. आणि एफ २२ ला प्रकाशाचा तो ठिपका एकटाच सहा-सात पिक्सेलांवर पसरत होता. मुंग्यांची रांग चिखलातून गेल्यासारखी झाली. गंमत अशी, की मोत्या त्याही फ्रेममध्ये सुंदर दिसत होता, जरासा स्वप्नातला.

अक्षरं स्वप्नात वाचता येत नाहीत.

एफ ११ वर परत आले. आणि मग खरी अडचण समोर उभी राहिली. ती अंतराची नव्हती, चकाकीची होती.

पाऊच चकाकतं. ते चकाकायला जन्मलेलंच असतं. वर छापील प्लॅस्टिकची फिल्म, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, आत खाण्याला लागून असणारा थर, आणि हे सगळं बंद करून दाबाखाली उकडून काढलेलं. त्यामुळे त्याच्या अंगावर बारीक सुरकुत्या पडतात, वरच्या शिवणीपाशी जास्त, आणि प्रत्येक सुरकुती दिव्याचा एक पांढरा ओरखडा पकडून ठेवते. हा ओरखडा नेमका नावावर येतो, किंवा वजनावर, किंवा त्या रश्श्यातल्या फोडींवर, आणि येतो तिथलं छापील सगळं पुसून टाकतो. मी पाऊच जरा पुढे झुकवलं, मागून मळलेल्या कणकेसारखी पुट्टी लावून. ओरखडा नावावरून खाली सरकला आणि घटकांवर बसला. मागे झुकवलं, वर गेला. तो घरातून हाकललेल्या मांजरासारखा, एका खिडकीतून काढला की दुसऱ्या खिडकीत.

यावर एक उतारा आहे. दिव्यावर ध्रुवणाची फिल्म लावायची, लेन्सवर तसाच फिल्टर, आणि फिल्टर फिरवत फिरवत दोघांना काटकोनात आणायचं. नुसता लेन्सवरचा फिल्टर प्लॅस्टिकची चकाकी बरीच खातो, पण चंदेरी धातूचं त्याला काही करता येत नाही, दोन्हीकडे लावले तर तीही जाते. मी फिरवला. पाऊचवरचा ओरखडा विझला, जसा देवघरातला दिवा हवेने विझावा. लाल रंग खोल झाला, अक्षरं वर आली, मुंग्यांच्या रांगेतली मुंगी न् मुंगी मोजता यावी अशी. मला इतका आनंद झाला की मी तशीच मोत्याची फ्रेम घेतली.

पडद्यावर मोत्या आला आणि मी गप्प झाले.

तो होता, पण नव्हता. केस होते, मिशा होत्या, मुडपलेला कान होता. नाक मात्र कोळशासारखं कोरडं. आणि डोळे म्हणजे दोन तपकिरी बटणं, एखाद्या जत्रेतल्या कापडी कुत्र्याला शिवावीत तशी. ओळंब्यावर बसलेला डोळा, स्पष्टपणाच्या अगदी मधोमध, पापणीचा केस दिसतोय, बुबुळातल्या रेषा दिसताहेत, आणि त्याच्यात कुणी नाही. मावशी मागून डोकावल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “बरं नाहीये का गं त्याला?”

डोळ्यात जो तारा असतो, ओल्या नाकावर जी ओलसर रेघ असते, ती चकाकीच तर होती. त्याच दिव्याची. पाऊचवर जिला मी सकाळपासून शिव्या देत होते, तीच. मी तिला एका ठिकाणाहून घालवायला गेले आणि ती दोन्हीकडून निघून गेली. फिल्टरला कसं कळावं, कुठला उजेड कागदाचा आणि कुठला जिवाचा?

त्या संध्याकाळी मी काहीच घेतलं नाही. दिवे बंद केले, मावशींनी डब्यातून आणलेली पोळी मोत्याने खाल्ली, आणि शटरमधून येणाऱ्या रस्त्याच्या उजेडात त्याच्या डोळ्यात एक छोटा पिवळा चौकोन हलत होता. समोरच्या दुकानाची पाटी होती ती. उलटी. मी जवळ जाऊन वाचायचा प्रयत्न केला तर त्याने डोळे मिटले.

मग ठरलं, दोन फ्रेम. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का, स्क्रू कसलेले, फरशीवर त्याच्या पायांभोवती चिकटपट्टी, कुणी पाय लावायचा नाही. आधी मोत्या, कारण त्याचा उत्साह संपतो आणि पाऊचचा संपत नाही. नंतर तो उठला की त्याच खडूच्या रेघेवर पाऊच, त्याच दिव्यात, फक्त फिल्टर चढवून. आणि दोन्ही संगणकावर एकत्र जोडायच्या.

हे फसवणं आहे का, असा प्रश्न मला कधीकधी विचारतात, आणि मला नेहमी तो तबकडीवरचा कुत्रा आठवतो. भोंग्यात कान देऊन बसलेला, मान किंचित कललेली. आमच्याकडे नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर तो गोल गोल फिरायचा. निपर त्याचं नाव. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराने तो रंगवला तेव्हा निपर जगात नव्हता, १८९५ मध्येच गेला होता. आणि चित्रात त्याच्यासमोर मुळात ग्रामोफोन नव्हताच, सिलिंडरचा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घ्यायचं कबूल केलं, ते यंत्र बदलण्याच्या अटीवर. बॅरॉडने फोनोग्राफावर रंग चढवून ग्रामोफोन काढला. कुत्र्याची कललेली मान मात्र तशीच राहिली. वस्तू बदलली, ऐकणं बदललं नाही. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या जाहिरातीतला कुत्रा दुसऱ्याच यंत्राकडे कान देऊन बसलाय, आणि शंभर वर्षांत कुणाला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

पण जोडकामाची मला धास्ती आहे, आणि तिला कारण आहे. खूप वर्षांपूर्वी, नवी असताना, एका लॅब्रेडॉरचं पोस्टर केलं होतं. चेहरा एका फ्रेममध्ये छान आला होता, पण उजवा पुढचा पाय त्याने उचलला होता. दुसऱ्या कुठल्याच फ्रेममध्ये तो पाय धड मिळेना. डावा मात्र प्रत्येक ठिकाणी सुरेख. मी डाव्याचीच प्रत काढून उजवीकडे लावली. उलटवायला हवी होती, पण उलटवली तर त्यावरचा प्रकाश दुसऱ्या बाजूने आल्यासारखा दिसत होता, म्हणून नाही उलटवली. मग त्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, मनगटापाशी, एक गाठीसारखं काही दिसायला लागलं. घाण लागली असेल असं समजून मी ते पुसून टाकलं.

ते पाचवं बोट होतं. कुत्रा चालतो बोटांवर, टाच आयुष्यभर हवेत. त्याच्या मागच्या पायाचा जो ‘उलटा गुडघा’ आपण म्हणतो ती खरं तर टाच. पुढच्या पायाची चार बोटं जमिनीला टेकतात आणि पाचवं, आपल्या अंगठ्याच्या जागचं, आतल्या बाजूला वर राहतं, एका नखासकट. पुढे पाच-पाच, मागे चार-चार, म्हणून साधारणपणे अठरा नखं. एखाद्याला मागेही ती वरची नखं असतात, त्याला गावाकडे वीसनखी म्हणतात, आणि आजी सांगायची की वीसनखी कुत्रं दाराशी असलं की बिबट्या अंगणात येत नाही. हे सगळं ऐकत वाढलेली मी. आणि मीच ते नख खरवडून टाकलं.

पोस्टर लागलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे सगळ्यांना काहीतरी खटकलं पण काय ते सांगता आलं नाही. “कुत्रा जरा पंगू वाटतो का?” एकाने विचारलं होतं. मग एका पशुवैद्य बाईंच्या दवाखान्यात ते भिंतीवर पाहिलं. त्यांनी शांतपणे चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “दोन डावे पाय आहेत याला.”

म्हणून या वेळी मी वाट पाहिली. मोत्याचं डोकं एका फ्रेममधून आणि पाय दुसऱ्यातून घ्यायचा नाही, मोत्या अख्खा एका क्षणातला हवा. फ्लॅशचा ‘टीं’ आवाज बंद केला, कारण पहिल्या दिवशी तो ऐकून त्याचे कान मागे पडले होते. उजेड इतका क्षणिक असतो की श्वास, मिशा, शेपटी सगळं जागच्या जागी थिजतं, त्यामुळे तो हलतो याची चिंता नव्हती. चिंता होती ती रेघेची. तो वीतभर पुढे सरकला की डोळा काचेच्या बाहेर. मावशी लेन्सच्या वर हात धरून बसल्या, हातात काही नसताना असल्यासारखं धरून, आणि तो त्या मुठीकडे पाहत राहिला.

मध्येच त्याने जांभई दिली, मग ओठांवरून जीभ फिरवली, पुन्हा फिरवली. मला वाटलं, भूक लागली. मावशी म्हणाल्या, “नाही, कंटाळलाय. बस कर.” त्यांचंच बरोबर होतं. नको झालं की कुत्री जांभया देतात, ओठ चाटतात, डोळ्याचा पांढरा भाग दाखवत तिरकं बघतात, आणि फोटोत ते हसल्यासारखं दिसत असलं तरी ज्याने कुत्रं पाळलंय त्याला कळतं. आम्ही त्याला बाहेर नेलं. तो वळणावरच्या खांबापाशी गेला, एका भाजीच्या गाडीखाली पाच मिनिटं पडला, आणि आपल्या पायांनी परत आला. आल्यावर बसला तो खडूच्या रेघेवरच. तोंड सैल उघडं, जिभेचं टोक दातांच्या आत, डोळे अर्धवट मवाळ, मागे शेपटी फरशी झाडतेय.

चौथ्या क्लिकला मिळाला.

डाव्या डोळ्यात दिव्याचा चौकोनी तारा, दहाच्या आकड्यापाशी. नाकाच्या वरच्या कडेला एक ओली रेघ. पुढचे दोन्ही पाय आपापले.

पाऊचची फ्रेम त्यानंतर अर्ध्या तासात झाली. त्याची सगळीच चकाकी मारली नाही. तसं केलं तर ते फॉइलचं न वाटता पुठ्ठ्याचं वाटायला लागतं. फिल्टर किंचित मागे फिरवून, शेजारी पांढरा पुठ्ठा उभा करून, डाव्या कडेने एक बारीक रुपेरी रेघ वरपासून खालपर्यंत राहू दिली, ताटाच्या काठावर असते तशी. काम देणाऱ्यांनी पाऊचच्या मूळ आर्टवर्कची फाइलही पाठवली होती, तीच वर चिकटवून टाका, अक्षरं आपोआप स्वच्छ येतील म्हणून. पुष्कळ जण तसं करतात. मला पटत नाही. ती अक्षरं फार स्वच्छ असतात. पाऊचचं पोट फुगलेलं असतं आणि ती सपाट चालतात, सुरकुतीवरून जाताना त्यांना ठेच लागत नाही, आणि शेजारी खरे केस असले की ती हवेत तरंगल्यासारखी वाटतात. दंतुर तर दंतुर, मी छापलेलीच ठेवली.

जोडताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो सावलीत. पंजा आणि पाऊच यांच्या मध्ये दोन बोटांची जागा होती, आणि तिथे खऱ्या दुनियेत खूप काही घडत असतं. पंजाची सावली पाऊचवर चढते, पाऊचचा लाल रंग उडी मारून जवळच्या पांढऱ्या केसांवर गुलाबी पडतो. ते नसलं की कितीही स्पष्ट असले तरी दोघं एकमेकांना कधी भेटलेच नाहीत असं वाटतं. सुदैवाने मोत्या बसलेला असताना पाऊच ठेवूनही एक साधी फ्रेम घेऊन ठेवली होती, अक्षरं वाचता न येणारी. तिच्यातला तो गुलाबी उजेड घेतला. बोटाच्या केसांवर, जेमतेम दिसेल न दिसेल एवढा.

तो लाल रंग मोत्याला कसा दिसत असेल, हे मला त्या रात्री काम करताना सुचलं. कुत्र्यांना निळा आणि पिवळा दिसतो, लाल त्यांच्या लेखी मातकट, काळपट. आम्ही ज्याच्यावर चार दिवस जीव टाकला ती लाली, त्या रश्श्याच्या फोडी, ती मुंग्यांची रांग, हे सगळं त्याच्या बाजूने एक चुरचुरणारी मळकट वस्तू. फॉइलच्या आतला वास बाहेर येत नाही. पाऊच त्याच्याजवळ पहिल्यांदा ठेवलं तेव्हा त्याने ते हुंगलं होतं खरं, पण वरच्या कोपऱ्यात, जिथे मी धरलं होतं तिथेच. मग माझ्या बोटांकडे पाहिलं होतं. त्याला तिथे कोंबडी सापडली नव्हती, मी सापडले होते.

शेवटच्या दिवशी मावशींनी शिवणीची खाच धरून पाऊच टर्रकन फाडलं, नेमकं नावाच्या मधून, आणि स्टीलच्या ताटलीत ओतलं. वास सगळ्या स्टुडिओभर झाला. मोत्या खाली मान घालून जेवला, दोन मिनिटांत, ताटली फरशीवर सरकवत सरकवत भिंतीपर्यंत घेऊन गेला आणि खडूची रेघ पायांनी पुसून टाकली.

पोस्टर आता काही दुकानांत लागलंय, दाराच्या आतल्या बाजूला. तुम्हाला कुठे दिसलं तर जरा जवळ जा. मुंग्यांची रांग वाचली नाही तरी चालेल, पण उजव्या पुढच्या पायाची बोटं मोजा. चार खाली आहेत आणि पाचवं वर, आतल्या बाजूला.